एका पानात वर्षाचा व्यवसाय आराखडा: लाकडी घाणा, पहिलं वर्ष

करडईवाला_औसा
मंडळी, पाडव्याला लाकडी घाणा सुरू करायलोय. औशात गाळा ठरलाय, मशीन बघून आलोय. फक्त करडईचं तेल काढायचं, निदान पहिलं वर्ष तरी. एका पानावर वर्षाचा आराखडा मांडायचा ठरवलंय, पण लिहायला बसलो की "दर्जेदार तेल, वाजवी भाव, वर्षाला १० लाखांची उलाढाल" याच्या पुढं पेन सरकत नाही. १० लाख हा आकडाही अंदाजानंच लिहिलाय. पानावर नेमकं काय असावं, आणि उद्दिष्ट कशावरून काढायचं?

योजनामित्र_धाराशिव
भाऊ, एका पानानं भागत नसतंय. पीएमएफएमई या केंद्राच्या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेत ३५ टक्के अनुदान आहे, कमाल १० लाखांपर्यंत, आणि स्वतःचे किमान १० टक्के घालावे लागतात. त्यासाठी सविस्तर प्रकल्प अहवाल लागतो. जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयात विचारा, तिथं अहवाल करून देणारे भेटतात. मशीनचं कोटेशन, गाळ्याचा भाडेकरार आणि आधार-पॅन तयार ठेवा.

जमाखर्च_लातूर
योजनामित्र, माहिती बरोबर आहे. पण औसेकर बँकेच्या अहवालाबद्दल विचारत नाहीयेत. तो अहवाल कर्ज मंजूर होईपर्यंत लागतो, आणि त्यात पहिल्याच वर्षी क्षमतेच्या साठ-सत्तर टक्के उत्पादन दाखवलेलं असतं. हे पान गल्ल्यामागच्या भिंतीवर लावायचं आणि दर एक तारखेला वाचायचं.

औसेकर, रुपयांतली उलाढाल सध्या बाजूला ठेवा. घाण्यात उद्दिष्ट लिटरमध्ये धरायचं. भाव वाढला की उलाढाल आपोआप वाढते आणि माणसाला वाटतं धंदा वाढला. लिटर तसे फसवत नाहीत.

आधी एवढं सांगा. तेल एक बाटलीही विकलं नाही तरी महिन्याला काय काय द्यावं लागणार? बी काय भावानं धरलंय, पेंड काय भावानं जाईल, बाटली किती रुपयांना विकणार? आणि मशीन एका वेळी किती बी घेतं, एका घाणीला किती वेळ लागतो?

करडईवाला_औसा
दर महिन्याचं असं: गाळा ६,०००. एक गडी ९,०००. विजेचा स्थिर भाग आणि बारीकसारीक १,५००. फोन, गाडीचं पेट्रोल २,०००. कर्ज ३ लाख, ५ वर्षं, ११ टक्के, हप्ता साधारण ६,५००. एकूण २५,०००.

बी मोंढ्यात ६,४०० रुपये क्विंटल धरलंय, हमाली-वाहतूक १०० वेगळी. पेंड २२ रुपये किलो. बाटली, लेबल, घाण्याची वीज मिळून लिटरला २० रुपये. गाळ्यावर ३०० रुपये लिटर. दुकानदाराला द्यायचं झालं तर २६५. घाणीत १५ किलो बी बसतं, तासाला एक घाणी. साफसफाई धरून दिवसाला ६ घाण्या, महिन्याला २४ दिवस.

मोंढा_उदगीर
यात नफा चांगला आहे बघा. करडईत ३० टक्के तेल असतं, परभणीच्या विद्यापीठाच्या जाती तर त्यासाठीच नावाजलेल्या. क्विंटलला ३० किलो, म्हणजे ३० लिटर तेल. ६,५०० रुपयांच्या मालातून ९,००० चं तेल आणि वर पेंड. डोळे झाकून करा.

जमाखर्च_लातूर
उदगीरकर, ३० टक्क्यांच्या आसपास तेल दाण्यात असतं खरं, पण लाकडी घाणा ते सगळं काढू शकत नाही. थोडं तेल पेंडीतच राहतं. म्हणूनच घाण्याच्या पेंडीला गिऱ्हाईक जास्त. दुसरं म्हणजे मोंढ्यातून आलेल्या क्विंटलमध्ये खडे, काडीकचरा, पोचट दाणे असतात. चाळून ९७ किलो हाती लागलं तरी बरं म्हणायचं. त्याचं २६ टक्क्यांनी तेल धरा, टाकीत दोन-तीन दिवस निवळल्यावर गाळ खाली बसतो तो वजा करा, मग साधारण २५ किलो हाती येतं.

पण किलो आणि लिटर एक नव्हेत, आणि हा फरक औसेकरांच्या बाजूचा आहे. करडईचं एक लिटर तेल सुमारे ९२० ग्रॅम भरतं. म्हणजे २५ किलोचे २७ लिटर झाले. ३० नाही, २७. पानावर २७ लिहा, आणि पहिल्या महिन्यात स्वतःच्या घाण्यावर मोजून तो आकडा दुरुस्त करा.

आता एका क्विंटलचा हिशेब. बी आणि हमाली ६,५००. पेंड ६८ किलो धरली तर १,५०० परत येतात. उरले ५,०००, ते २७ लिटरवर वाटले की लिटरला १८५. त्यात बाटली-वीज २० मिळवले, २०५ झाले. गाळ्यावर ३०० ला विकलं तर लिटरमागे ९५ रुपये राहतात, दुकानदारामार्फत फक्त ६०.

तुमच्या महिन्याच्या यादीत एक ओळ राहिलीय: तुमची स्वतःची मजुरी. घरात महिन्याला किती द्यावे लागतात?

करडईवाला_औसा
मजुरी धरली नव्हती, "जे उरेल ते आपलं" असं डोक्यात होतं. घराला १५,००० तरी लागतात.

जमाखर्च_लातूर
मग महिन्याचा बोजा ४०,०००. त्याला ९५ नं भागा: ४२१ लिटर. हा तुमच्या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा. महिन्याला एवढं तेल गाळ्यावर विकलं तर गाळा, गडी, बँक आणि घर चारही भागतात.

त्यावर तुमचे १० लाख तपासून बघा. १० लाख भागिले ३०० म्हणजे वर्षाला ३,३३३ लिटर, महिन्याला २७८. त्यातून सुटतात २६,४०० रुपये. २५,००० खर्च गेला की घरी महिन्याला १,४०० येतील. १० लाख हा आकडा ऐकायला मोठा आहे, पण त्यात तुमचं पोट बसत नाही.

आता दुसरं टोक, घाण्याची कमाल मर्यादा. दिवसाला ६ घाण्या, २४ दिवस, म्हणजे १४४ घाण्या. एका घाणीत १५ किलो चाळलेल्या बियाचं साधारण ४.२ लिटर निघतं. महिन्याला ६०० लिटरच्या वर हे मशीन जाणार नाही. अर्धं तेल दुकानदारांना दिलंत तर लिटरमागे सरासरी ७७-७८ रुपये राहतील आणि भागण्यासाठी ५१६ लिटर विकावं लागेल. वीज चार दिवस गेली, गडी लग्नसराईत गावाला गेला, की ते हुकलं. म्हणून पहिल्या वर्षी दुकानदारांचा वाटा किती, हे पानावर आधीच ठरवून टाका.

आणि ४२१ लिटरचं रूपांतर घरांत करा. नेमानं तुमच्याकडून तेल नेणारं घर महिन्याला ३ लिटर नेतं असं धरलं तर १४० घरं हवीत. लिटरपेक्षा घरं मोजणं सोपं. वहीत नावं लिहिता येतात, कोण या महिन्यात आलं नाही ते लगेच कळतं.

निवृत्त_बँकवाला
मांडणी चांगली आहे, पण दोन गोष्टी पटल्या नाहीत. एक, हप्ता हा सगळा खर्च नव्हे. ३ लाखांच्या या कर्जात पहिल्या वर्षी मुद्दल सुमारे ४८ हजार फिटतं, तेवढी तुमची देणी कमी होतात. दुसरं, मालकाची मजुरी पहिल्या वर्षी बोज्यात घातली की आकडा फुगतो आणि नवा माणूस सुरुवातीलाच घाबरतो. घरखर्चासाठी वर्षभराची वेगळी सोय करूनच धंद्यात उतरावं, अशी माझी धारणा आहे.

जमाखर्च_लातूर
सर, मुद्दलाचं ताळेबंदात अगदी बरोबर. पण हे पान गल्ल्यात रोकड पुरेल का ते बघण्यासाठी आहे, आणि बँक मुद्दल-व्याज वेगवेगळं मागायला येत नाही. मजुरीबाबत मात्र आपलं जमणार नाही. ती ओळ नसली की माणूस गल्ल्यातून लागेल तसे पैसे उचलतो आणि किती उचलले ते वर्षाअखेरीलाही कळत नाही. हवं तर ओळ दोन भागांत लिहा: मजुरीशिवाय २५,००० साठी २६३ लिटर, मजुरीसह ४०,००० साठी ४२१.

निवृत्त_बँकवाला
दोन भाग मान्य. मजुरी पहिल्या महिन्यापासून घ्यावी की सहा महिन्यांनी, यावर माझं मत कायम आहे.

बचतगट_सेलू
आमचा दहाजणींचा गट आहे. शेवया, पापड, कुरडया, काळा मसाला, लोणचं, सगळंच करतो. आम्हाला लिटरसारखं एक माप कसं धरायचं? लोणच्याची बरणी आणि पापडाचं पाकीट एकत्र कसं मोजायचं?

जमाखर्च_लातूर
ताई, एकत्र मोजू नका. गेल्या वर्षी कोणत्या मालातून खर्च जाऊन जास्त पैसे उरले ते बघा, बहुतेक मसाला निघेल. कारण तो बारा महिने खपतो, पापड-कुरडया उन्हाळ्यातच. मसाल्याच्या पाकिटांवर महिन्याचा बोजा भागेल असं उद्दिष्ट धरा. बाकी मालाला फक्त एक अट: दहाजणींची मजुरी तासानं धरूनही पाकिटामागे काही उरतंय का? शेवयांत बऱ्याचदा मजुरी धरली की काहीच उरत नाही. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, तिथं आकडे मांडू.

बचतगट_सेलू
मजुरी तासानं कधी धरलीच नव्हती. गटात विचारून धागा काढते.

मोंढा_उदगीर
२७ लिटरचं मान्य. पण बियाचं काय? करडई फाल्गुन-चैत्रात येते, तेव्हाच भाव पडलेला असतो. वर्षाचं बी तेव्हाच भरून ठेवावं. पैसे कमी पडले तर बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत माल ठेवा. किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याज, सहा महिने.

जमाखर्च_लातूर
ती योजना शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालासाठी आहे, व्यापाऱ्यानं किंवा घाणेवाल्यानं विकत घेतलेल्या मालासाठी नाही. औसेकरांच्या घरच्या शेतातली करडई असेल तर तेवढ्यापुरती चालेल. विकत घेतलेलं बी वखार महामंडळाच्या गोदामात ठेवून पावतीवर बँकेकडून कर्ज मिळू शकतं, पण दर आणि मर्यादा त्या बँकेच्या. आधी विचारून मगच पानावर लिहा.

भाव हंगामात खाली असतो हे खरं. पण सगळं बी एकदम घेणं पहिल्या वर्षी धोक्याचं का, ते आकड्यांत बघू. औसेकर, मशीन जाऊन बियासाठी हातात किती?

करडईवाला_औसा
कर्जातले २ लाख मशीन, गाळणी, टाक्या यात जातात. उरलेले १ लाख आणि घरचे २ लाख, असे ३ लाख.

जमाखर्च_लातूर
पहिल्या महिन्यापासून ४२१ लिटर खपणार नाही. तीन-तीन महिन्यांचे टप्पे करा. चैत्र ते ज्येष्ठ महिन्याला १५०, म्हणजे ५० घरं. पुढचे तीन महिने २५०. दसरा-दिवाळीच्या टप्प्यात ४५०, कारण फराळाला तेल जास्त लागतं. शेवटच्या टप्प्यात ४००. वर्षाचे ३,७५० लिटर झाले.

त्यावर प्रत्येक टप्प्याची तूट-वाढ काढा, सगळं गाळ्यावरच विकलं असं धरून. पहिल्या तीन महिन्यांत ४५० लिटरचे ४२,७५० सुटतात आणि बोजा १ लाख २० हजार. तूट ७७,२५०. दुसऱ्या टप्प्यात तूट ४८,७५०. दिवाळीत ८,२५० वर येतात, शेवटी ६,००० कमी पडतात. वर्षाची तूट १ लाख २३ हजार ७५०. तुमच्या मजुरीचे १ लाख ८० हजार धरलेत, म्हणजे वर्षभरात प्रत्यक्ष घरी ५६ हजारांच्या आसपास येतील. हे आजच कळलेलं बरं.

आता बी. पहिल्या सहा महिन्यांच्या १,२०० लिटरला सुमारे ४५ क्विंटल लागतं, म्हणजे २ लाख ८८ हजार. तुमचे ३ लाख त्यातच संपतात, आणि त्याच सहा महिन्यांत तूट आहे १ लाख २६ हजारांची. मग काय होतं? तेल विकून आलेल्या पैशातून घर आणि भाडं चालतं, आणि भाद्रपदात पुन्हा बी घ्यायला हात रिकामे. दिवाळीच्या तोंडावर घाणा बंद राहतो तो गिऱ्हाईक नसल्यामुळं नाही, बी नसल्यामुळं. वरून बघणाऱ्याला धंदा जोरात दिसतो, कारण बाटल्या रोज जात असतात.

म्हणून पाडव्याला ३० क्विंटल घ्या, १ लाख ९२ हजार. ते ८१० लिटरला म्हणजे ऑगस्टच्या मध्यापर्यंत पुरतं. उरलेल्या लाखाला हात लावायचा नाही, तो तुटीसाठी. पुढची खरेदी जुलैअखेर भाव बघून.

करडईवाला_औसा
आणि तेव्हा भाव चढला असला तर?

जमाखर्च_लातूर
ती ओळ पानावर हवीच. क्विंटलला ८०० रुपये वाढले, ७,२०० झाले, तर लिटरला ३० रुपये जास्त पडतात. ९५ चे ६५ राहिले. मग भागायला ६१५ लिटर विकावं लागेल, आणि तुमचा घाणा ६०० च्या वर जातच नाही. म्हणजे त्या भावाला ३०० रुपयांत तेल विकून कितीही कष्ट केले तरी पूर्ण बोजा भागणार नाही. पानावर लिहा: "बी ७,००० च्या वर गेलं की त्याच आठवड्यात बाटलीचा दर वाढवायचा." किती वाढवायचा तेही आत्ताच लिहा, लिटरला २५. गिऱ्हाईक समोर उभं असताना तो निर्णय होत नाही.

बीडकर_किराणा
दुकानदाराच्या बाजूनं बोलतो. २६५ ला दिलं तरी दुकानदार रोख देणार नाही, महिना-दीड महिना उधारी मागेल. २०० लिटर दिलं तर ५३ हजार बाहेर अडकले. पहिल्या वर्षी दोनच दुकानं धरा, माल संपला की आधीचे पैसे, मगच पुढची पेटी. नाही म्हणणारा दुकानदार सोडून द्या.

करडईवाला_औसा
सगळ्यांचं ऐकून पान असं झालंय. तपासून बघा:

काय विकतो: करडईचं घाण्याचं तेल, १ लिटर बाटली. गिऱ्हाईक: औसा आणि आसपासची घरं, महिन्याला ३ लिटर नेणारी.
लिटरमागे सुटतात: गाळ्यावर ९५, दुकानात ६०.
महिन्याचा बोजा: मजुरीशिवाय २५,००० (२६३ लिटर), मजुरीसह ४०,००० (४२१ लिटर, १४० घरं). घाण्याची मर्यादा ६०० लिटर.
टप्पे, महिन्याला: १५०, २५०, ४५०, ४००. दसऱ्यापर्यंत नेमाची १०० घरं.
बी: पाडव्याला ३० क्विंटल. तुटीसाठी १ लाख बाजूला, वेगळ्या खात्यात. दुसरी खरेदी जुलैअखेर.
दर: बी ७,००० च्या वर गेलं की बाटली ३२५.
उधारी: दोन दुकानं, एकूण ३०,००० च्या वर नाही.
दर एक तारखेला तीन आकडे: किती लिटर विकलं, क्विंटलला किती तेल निघालं, उधारी किती.

जमाखर्च_लातूर
हे वापरता येईल. क्विंटलमागच्या तेलाच्या आकड्याशेजारी "२५ लिटरच्या खाली आलं तर काय बघायचं" तेही लिहा. आधी चाळून किती कचरा निघाला ते वजन करा, बहुतेक वेळा दोष बियातच असतो. ते ठीक असेल तर बी ओलसर आहे का ते बघा, पावसाळ्यात पोत्यात ओल धरते. तेही नसेल तर घाण्याचं लाकूड झिजलंय का ते मशीनवाल्याकडून तपासून घ्या. लाकूड झिजलं की पेंड हाताला जास्त तेलकट लागते. दोन लिटरची घट म्हणजे लिटरचा खर्च जवळपास १५ रुपयांनी वाढतो, बाजारात भाव न वाढताही.

मोंढा_उदगीर
एक राहिलं. पहिल्या टप्प्यात १५० लिटरला ३६ घाण्या लागतात, घाणा १४४ काढू शकतो. मशीन रिकामंच राहणार. शेतकऱ्यांची करडई मजुरीवर गाळून द्या की, किलोला १० रुपये मिळतील. त्याच वेळी सगळ्यांच्या घरात माल असतो.

जमाखर्च_लातूर
हे चांगलं सुचवलंत. मजुरीवर एका घाणीला १५० रुपये, स्वतःच्या तेलाला ४.२ लिटरचे ४०० सुटतात. म्हणजे रिकाम्या तासांत मजुरीचं काम घ्यावं, दिवाळीच्या टप्प्यात घेऊ नये. महिन्याला ४० घाण्या मिळाल्या तर ६,००० आले, त्यातून वीज जाईल. तूट तेवढी हलकी होते.

निवृत्त_बँकवाला
पण एक विचार करा. जो शेतकरी स्वतःची करडई गाळून नेणार तो तुमची बाटली घेणार नाही. तुमच्या १४० घरांतली किती घरं त्यात जातील?

करडईवाला_औसा
औशात निम्म्या घरांना शेती आहे, पण करडई पेरणारे आता कमी राहिलेत, सोयाबीनच जास्त. नेमकी किती घरं ते माहीत नाही. गाळ्याच्या आसपासच्या चार गल्ल्यांत पाडव्याआधी विचारून येतो: तेल कोणतं खाता, महिन्याला किती, आणि करडई घरची आहे का. तो आकडा इथं टाकतो, मग मजुरीवर गाळून द्यायची ओळ पानावर घालायची का ते ठरवू.